बसच्या दारातून सुरू होणारं अंदाजपत्रक

पहाटे ५.४५

डिसेंबरातला शनिवार. धानोरा तालुक्यातल्या आमच्या गावात रात्री मुक्कामी आलेली एसटी अजून शेकोटीशेजारी उभी आहे. मी मोजपट्टी घेऊन तिच्या दाराशी गेले. कंडक्टरभाऊ चहा पीत होते. म्हणाले, "काय मोजता जी मॅडम, गाडी विकत घेता का?" त्यांना सांगितलं, दहा दिवसांनी दोन मुली आणि एक पेटी घेऊन जिल्हास्तरीय विज्ञान प्रदर्शनाला जायचं आहे, पेटी दारातून जाते का ते पाहते. त्यांनी स्वतः पट्टीचं दुसरं टोक धरलं. दार दोन फूट एक इंच. आतली दोन बाकांमधली वाट सव्वा फूट. शेवटच्या बाकामागे, आडवं नाही पण उभं, सहा इंच जाडीचं सामान बसतं. हे तीन आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले.

बारा वर्षं मी मुलांना घेऊन प्रदर्शनांना जाते आहे. सुरुवातीला आम्ही आधी मॉडेल बनवायचो आणि मग ते न्यायचं कसं याचा विचार करायचो. गडचिरोली जिल्ह्यात हा क्रम चालत नाही. उत्तरेला कोरची, दक्षिणेला सिरोंचा, रस्त्यानं तीनशे किलोमीटरच्या वर अंतर, आणि रेल्वे स्टेशन म्हणावं तर एकटं वडसा. प्रदर्शन जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला भरलं की वाहतुकीचा खर्च मॉडेलच्या खर्चाच्या पुढे जातो. म्हणून आमचं अंदाजपत्रक आता बसच्या दारापासून सुरू होतं.

सकाळी ७.३०

शनिवारची सकाळची शाळा. परिपाठ झाल्यावर सातवीच्या मुलांनी त्यांचं अंदाजपत्रक फळ्यावर लिहिलं. नऊ जणांचा गट आहे. मॉडेल त्यांचंच: मोहफूल वाळवण्याची सौर पेटी. गेल्या एप्रिलमध्ये त्यांनी ती आपापल्या अंगणात करून पाहिली होती. खोक्याला तळाशी काळा पत्रा, वर तिरपं पारदर्शक झाकण, मध्ये जाळीचा ट्रे. थंड हवा खालच्या भोकातून आत येते, पत्र्यावर तापते, फुलांमधून वर जाते आणि मागच्या वरच्या फटीतून ओल घेऊन बाहेर पडते. अंगणात वाळवलेल्या मोहाला माती लागते, शेळ्या तोंड घालतात, आणि एप्रिलमधला एखादा अवकाळी पाऊस दोन दिवसांची वेचणी काळी करून टाकतो. पेटीत यातलं काही होत नाही. मुलांच्या नोंदीत अंगणातली फुलं पाच दिवसांत वाळली, पेटीतली दोन दिवसांत.

फळ्यावरचा पहिला हिशोब असा होता: साहित्य ३,२००, छपाई १,०८०, खास गाडी ४,५००, बक्षिसं १,०००. एकूण ९,७८०.

आमच्याकडे आहेत ५,५००. शाळेचा पट ६४ आहे. तीसच्या वर आणि शंभरपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षातून वर्षाला २५,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान मंजूर असतं, आणि त्यातच वीजबिल, खडू, दुरुस्ती, स्वच्छता, प्रयोगाचं साहित्य सगळं बसवायचं असतं. त्यातले ३,५०० शाळा व्यवस्थापन समितीनं प्रदर्शनासाठी ठरावानं दिले. उरलेले २,००० ग्रामसभेनं दिले. बांबूही गावाच्या सामूहिक वनहक्काच्या जंगलातला.

मी आकडे खोडले नाहीत. फक्त बसच्या दाराचं माप फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, तुमची पेटी किती मोठी? चार फूट बाय तीन फूट, उंची दीड फूट. एक मुलगी उठली, खडूनं जमिनीवर दोन फूट एक इंचाचं दार काढलं आणि डस्टरचं खोकं पेटी समजून त्यातून फिरवू लागली. तिरपी केली तर पेटी दारातून जाते, पण आतल्या सव्वा फुटाच्या वाटेत अडकते. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मॅडम, पेटी नाही न्यायची. पेटीच्या भिंती न्यायच्या."

तिथून पुढचा तास भराभर गेला. पेटी तीन बाय दोन फुटांची करायची, सहा सुट्या चौकटी नटबोल्टनं जोडायच्या, पाय वेगळे. सगळं एकावर एक ठेवून सुतळीनं बांधलं की सहा इंच जाडीचा गठ्ठा होतो. झाकणाला काच लावायची सगळ्यांची हौस होती. चार मिलिमीटरची काच एका चौरस मीटरला दहा किलो भरते. आमच्या झाकणापुरती साडेपाच किलो झाली असती आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर ती धड पोचेल याची खात्री कोण देणार? काचेऐवजी जाड पारदर्शक प्लास्टिक ठरलं. राष्ट्रीय बालवैज्ञानिक प्रदर्शनाच्या परीक्षणात शंभरपैकी दहा गुण कमी खर्च, ने-आण करण्याची सोय आणि टिकाऊपणा यांना असतात. काच तिन्हीत मार खाते.

सकाळी ९.४५

मधल्या सुट्टीत बांबूकाम करणाऱ्या आजोबांकडे गेलो. त्यांनी चौकटीचं चित्र पाहिलं आणि सांगितलं की कोपऱ्यात खिळा मारला तर बांबू चिरेल, आधी भोक पाडून बोल्ट घाला. एका दिवसाचं काम, मजुरी पाचशे. बांबू तीन लागतील.

इथे एक गोष्ट मी दरवर्षी मुलांकडून दोनदा लिहून घेते. आम्हाला बांबू फुकट मिळाला म्हणून आमच्या खर्चात शून्य. पण तक्त्यावर "एका पेटीचा खर्च" लिहिताना तिथे शून्य लिहायचं नाही, कारण ज्याला बांबू विकत घ्यावा लागेल त्याच्यासाठी तो आकडा खोटा ठरतो. तिथे तीन बांबूंचे १८० रुपये धरले. उलट थर्मामीटर आणि दिवे प्रदर्शनापुरतेच आहेत, ते पेटीच्या किमतीत येत नाहीत. परीक्षक खर्च विचारतात तेव्हा त्यांना हा दुसरा आकडा हवा असतो. बहुतेक स्टॉलवर मुलं पहिला सांगतात.

सकाळी ११.१५

शाळा सुटली. मुख्याध्यापक सरांसोबत पंधरा मिनिटं. कोणता पैसा कुठे चालतो हे आधी ठरवलं नाही तर बेरीज जुळूनही हिशोब अडतो. शाळेच्या अनुदानाचा पैसा रोख हातात येत नाही. तो पीएफएमएसमधून थेट दुकानदाराच्या खात्यात जातो आणि त्याला पक्कं बिल लागतं. बसचं तिकीट, ऑटो, रस्त्यातला नाश्ता यांना असं बिल कुठून आणणार? तो खर्च ग्रामसभेच्या रोख दोन हजारांतून.

मी मजुरीही रोखीत धरली होती, कारण आजोबांचं कसलं बिल? सरांनी वही ओढून बेरीज केली. मजुरी ५०० आणि प्रवास १,४७० मिळून १,९७०. रोखीत उरले तीस रुपये. शाळेच्या बाजूला मात्र हजाराच्या वर शिल्लक, आणि प्रवासात बस चुकली तर त्यातला एक रुपया उपयोगाचा नाही. त्यांनी मार्ग काढला: आजोबांचं जनधन खातं आहे, त्यांच्याकडून हातपावती घेऊन मजुरी त्या खात्यात टाकू, प्रमाणक तयार होईल. रोखीतले पाचशे मोकळे झाले. बक्षिसं मात्र अनुदानातून नको म्हणाले, लेखापरीक्षणात त्यावर बोट ठेवलं जाईल. ती रोखीत आली.

दुपारी १.३०

गडचिरोली. बसनं येताना अर्धं तिकीट काढलं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बाया-मुलींना निम्मं भाडं आहे, आणि आमच्या अंदाजपत्रकात याचा अर्थ फार मोठा आहे. प्रदर्शनाला दोन मुली आणि मी, तिघी अर्ध्या तिकिटात. दीडशे किलोमीटरचं पूर्ण तिकीट अडीचशेच्या घरात, अर्धं साधारण १२६. जाऊन-येऊन तिघींचे ७५६. खास गाडीच्या साडेचार हजारांशी हे ताडून पाहा. सामानाचं वेगळं तिकीट १५०, उतरल्यावर ऑटो दोन वेळा २००, सुतळी-गोणपाट ६०, वाटेतलं खाणं ३००. बेरीज १,४६६, आम्ही १,४७० धरले.

हार्डवेअरच्या दुकानात सपाट पत्र्याचा तीन बाय दोनचा तुकडा ३३०ला मिळाला. अख्खी शीट घ्या म्हणून आग्रह होतो, पण कापलेले उरलेले तुकडे मागच्या बाजूला असतात, ते मागावे लागतात. काळा मॅट रंग आणि ब्रश १३०. रंग चकचकीत घ्यायचा नाही, तो ऊन परतवतो. प्लास्टिक दोन मीटर १६०, नायलॉन जाळी १२०, बोल्ट-वॉशर ९०.

बिलाशी मात्र थोडं थांबावं लागलं. दुकानदारभाऊंनी पाठकोऱ्या चिठ्ठीवर आकडे लिहून दिले. मी म्हटलं, बिल मुख्याध्यापकांच्या नावानं, जीएसटी क्रमांकासह, आणि प्रत्येक वस्तू वेगळी. 'किरकोळ साहित्य ८३०' असं एका ओळीत लिहिलेलं बिल पुढे कोणीच मान्य करत नाही. "पैसे?" त्यांनी विचारलं. खात्यात येतील, आठ-दहा दिवस लागतील. त्यांनी क्षणभर पाहिलं आणि खात्याचा क्रमांक बिलाच्या कोपऱ्यात लिहिला. जिथे उधारी मिळते त्याच दुकानातून शाळेची खरेदी होते. दोन दुकानांतला तीस रुपयांचा फरक यापुढे गौण आहे.

दुपारी २.४५

बल्ब. सौर पेटीचा स्टॉल, आणि प्रदर्शन भरतं वर्गखोल्यांत किंवा मंडपात, जिथे ऊन नसतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही सौर चूल घेऊन गेलो होतो. दोन दिवस ती सावलीत थंड पडून राहिली, आणि मुलं "उन्हात ठेवली की तापते" एवढंच सांगत राहिली. ती चूक माझीच होती. उजेडाच्या सोयीचा रकाना मी अंदाजपत्रकात धरलाच नव्हता.

या वेळी सूर्याऐवजी तारेचे शंभर वॅटचे दोन बल्ब लावायचे. इलेक्ट्रिकच्या दोन दुकानांत एलईडी पुढे केले. एलईडी उजेड देतो, पण समोरचा पत्रा तापवण्याइतकी उष्णता टाकत नाही. आमचं काम त्या उष्णतेशीच आहे. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या काकांनी ओळखलं. म्हणाले, कोंबडीच्या पिल्लांचं सामान विकतात तिथे जा. खरंच, पिल्लांना ऊब द्यायला अजून तेच बल्ब लागतात. दोन बल्ब, होल्डर, वायर आणि लांब तारेचा बोर्ड मिळून ४२०. तिथून थर्मामीटर १५०, एक शाळेत आहेच.

शाळेतल्या जुन्या बल्बवर गेल्या आठवड्यात आम्ही चाचणी घेतली होती. भर उन्हात जी पेटी ५५ अंशांवर गेली होती ती बल्बखाली ४१वर थांबली. हे दोन्ही आकडे तक्त्यावर शेजारीशेजारी लिहायचे ठरले. ऊन आणि बल्ब यांत फरक पडणारच. लपवला तर परीक्षकांचा पहिला प्रश्न तिथेच येईल.

साहित्य संपलं: मजुरीसकट १,९००. पेटीची खरी किंमत, बल्ब-थर्मामीटर वगळून आणि बांबू धरून, १,५१०.

दुपारी ३.४०

फ्लेक्सचं दुकान. मुलांना सहा बाय तीनचे चार फ्लेक्स हवे होते. दर चौरस फुटाला पंधरा रुपये, म्हणजे एकाचे २७०. मी एकच दिला, फक्त नाव आणि पेटीचं मोठं चित्र. बाकी तीन तक्ते कार्डशीटवर मुलींच्या हातानं. हातानं लिहिलेल्या तक्त्यासमोर उभं राहून मुलगी बोलते तेव्हा तिला प्रत्येक आकडा आठवतो. छापलेल्या फ्लेक्ससमोर ती वाचून दाखवते. कार्डशीट आणि स्केचपेन १०५.

माझा मजकूर मोबाइलवरून पाठवला होता. संगणकावरच्या जुन्या फॉन्टमध्ये तो चिकटवला की जोडाक्षरं आणि रफार सरकतात. एका वर्षी आमच्या फ्लेक्सवर मोठ्या लाल अक्षरात 'विद्याथीर्' छापून आलं होतं. दुसरा करायला पैसे नव्हते, त्यावर कागद चिकटवून दोन दिवस काढले. तेव्हापासून मी ऑपरेटरच्या शेजारी स्टूल घेऊन बसते आणि पडदा मोठा करायला लावून रफार आणि पहिली वेलांटी असलेले शब्दच वाचते. आज 'सौर ऊर्जा' ठीक होतं, 'मार्गदर्शक' बिघडलं होतं. शब्द तिथल्या तिथे हातानं टाइप करून घेतला. छापून झाल्यावर सापडला असता तर २७० गेले असते.

प्रकल्प अहवालाच्या तीन प्रती, स्पायरलसह २००. भेट देणाऱ्यांना द्यायला अर्ध्या पानाची शंभर माहितीपत्रकं, पन्नास कागदांत दोन-दोन बसवून, झेरॉक्सचे ७५. छपाई ६५०.

सायंकाळी ४.३०

बक्षिसं. पहिल्या यादीत तीन ढाली आणि पदकं होती. ती आम्ही कोणाला देणार होतो हेच मुलांना नीट सांगता आलं नव्हतं. बक्षीस स्टॉलवरच्या खेळासाठी ठेवायचं हे नंतर ठरलं. प्रश्न एकच: एक किलो ताजी मोहफुलं वाळली की किती ग्रॅम उरतील? ताज्या फुलात शंभरातले जवळपास ऐंशी भाग पाणी धरलं, तर एका किलोत कोरडा भाग २०० ग्रॅम. वाळल्यावर पंधरा टक्के ओल राहते असं धरलं, तर २०० म्हणजे उरलेल्या वजनाचे ८५ टक्के, म्हणून साधारण २३५ ग्रॅम. एप्रिलमध्ये मुलींच्या काट्यावर २४० आले होते. लोक सहाशे, सातशे सांगतात. गावात रोज मोह वेचणाऱ्या बाया मात्र ओंजळीनं दाखवतात आणि बरोबर दाखवतात.

ताजी फुलं डिसेंबरात मिळत नाहीत, मोह फुलतो मार्च-एप्रिलमध्ये. म्हणून ट्रेमध्ये भिजवलेली जुनी फुलं ठेवणार. पण भिजलेलं फूल म्हणजे ताजं फूल नव्हे, त्याचं पाणी वरवरचं असतं आणि लवकर उडतं. वजनाच्या नोंदी फक्त एप्रिलच्या दाखवायच्या, हे दोघींना पक्कं सांगितलं आहे. मोह सोबत नेण्याची भीती आता नाही, २०२१ मध्ये राज्यानं मोहफुलांच्या साठवणुकीवरची आणि वाहतुकीवरची बंधनं उठवली.

उत्तराच्या जवळ येणाऱ्यांना पेन्सिली, पंचवीस घेतल्या, १२५. गटातल्या नऊही मुलांना एकसारखा पेन, ९०. दोघी जातील, पण पेटी नऊ जणांची आहे. भिंगं घ्यायची होती, १८० वाचवायला सोडून दिली. त्याऐवजी मुलींच्या आयांचा बचत गट मोहाचे लाडू देतो म्हणाला. त्याची नोंद 'वस्तुरूप देणगी' अशी केली. बक्षिसं २१५.

आणखी एक. जिल्ह्यात नंबर आला तर रोख बक्षीस मिळेल, त्यातून गाडीभाडं भागवू, असं दरवर्षी कोणीतरी सुचवतं. ती रक्कम जमेच्या बाजूला धरायची नाही. इन्स्पायर मानकचे दहा हजार हाही वेगळा विषय आहे. ते निवड झालेल्या मुलाच्या स्वतःच्या खात्यात त्याच्या कल्पनेसाठी येतात, शाळेच्या स्टॉलच्या बेरजेत ते मिसळू नयेत.

सायंकाळी ५.००

मुक्कामी गाडीनं परत. पत्रा कागदात गुंडाळून शेवटच्या बाकामागे उभा केला. बसला. सकाळचेच कंडक्टरभाऊ होते, म्हणाले, "मोजलं ते बरं केलं जी." सामानाचं तिकीट त्यांनी वजन पाहून काढलं. आमच्या अंदाजातला तो एक रकाना तिथेच तपासून झाला.

रात्री ८.३०

कंदील नको, आज वीज आहे. किर्द उघडली. साहित्य १,९०० आणि छपाई ६५०, म्हणजे अनुदानातून २,५५०, तिथे शिल्लक ९५०. प्रवास १,४७० आणि बक्षिसं २१५, म्हणजे ग्रामसभेच्या पैशातून १,६८५, शिल्लक ३१५. एकूण ४,२३५. सकाळी फळ्यावर ९,७८० होते.

रोखीतले ३१५ कमी वाटतात. दीडशे किलोमीटरच्या वाटेवर बस बिघडली तर तिघींचं एका वेळचं जेवण आणि एका टप्प्याची काळीपिवळी एवढंच त्यात भागेल. म्हणून रस्त्यातलं खाणं भाकरी-चटणी घरून न्यायची आणि ते ३०० हात न लावता ठेवायचे, असं दोघींच्या घरी सांगून आले. म्हणजे अडीनडीला ६१५.

बिलं क्रमानं लावली: हार्डवेअर, इलेक्ट्रिक, थर्मामीटर, फ्लेक्स, कार्डशीट, झेरॉक्स. आजोबांची हातपावती काम झाल्यावर येईल, तिच्यासाठी कोरं पान सोडलं. परत आल्यावर ग्रामसभेपुढे हिशोब ठेवायचा आहे, उरलेल्या रोख पैशांसकट. तो सातवीच्या त्या दोघी वाचून दाखवणार आहेत, रुपया-रुपया.